बोनसनंतर भाव निम्मा झाला, मग पैसे गेले कुठे? बुल, डिव्हिडंड, बोनस शेअर आणि सर्किट लिमिट

प्रश्न : मी निवृत्त आहे, मानेवाड्याला राहतो. एका कंपनीचे 100 शेअर मी दोन वर्षांपूर्वी 640 रुपयांनी घेतले होते. गुरुवारी भाव 1,200 होता, म्हणजे 56 हजार नफा. शुक्रवारी सकाळी अ‍ॅप उघडलं तर भाव 612 आणि उलटा 2,800 रुपये तोटा दिसून राहिला. कंपनीने 1:1 बोनस दिला म्हणतात, पण खात्यात शेअर तर तेवढेच आहेत. या शेअरला सर्किट लिमिट 20 टक्के आहे, मग एका रात्रीत 50 टक्के पडला कसा? 50 टक्के डिव्हिडंडही जाहीर झालं आहे, म्हणजे शेअरमागे 600 रुपये येतील का? मुलगा म्हणतो बुल मार्केट आहे, काही करू नका. हे शब्द नेमके काय आहेत ते साध्या मराठीत सांगा.

उत्तर :

काकाजी, तुमचे पैसे कुठेही गेलेले नाहीत आणि शुक्रवारी तुमचा शेअर पडलेलाही नाही. तो दोन टक्के वर उघडला. अ‍ॅपमध्ये त्या कंपनीच्या नावावर बोट ठेवा. भावाच्या शेजारी त्या दिवसाचा बदल असतो, तिथे हिरव्या अक्षरात अधिक 2 टक्के दिसेल. आणि मागे जाऊन होल्डिंग्जच्या पानावर पाहिलं तर लाल अक्षरात तोटा. दोन्ही आकडे एकाच शेअरचे आहेत. पहिला एक्स्चेंजकडून येतो, दुसरा तुमच्या ब्रोकरच्या अ‍ॅपने तुमच्याकडच्या शेअरांना भावाने गुणून काढलेला असतो. एक्स्चेंजने बोनसचा हिशेब सकाळीच केला, अ‍ॅपने अजून केलेला नाही, एवढाच घोळ.

1:1 बोनस म्हणजे तुमच्या प्रत्येक एका शेअरमागे कंपनी एक नवा शेअर देते. 100 चे 200 होतात. कंपनी मात्र तीच, तिचा कारखाना तोच, नफा तोच, फक्त वाटेकऱ्यांच्या हातातले तुकडे दुप्पट. म्हणून एक्स्चेंज त्या दिवशी बाजार उघडण्याआधीच कालचा बंद भाव निम्मा करून घेतं. 1,200 चे 600. या 600 ला आधारभूत भाव म्हणा. सकाळी 9 नंतर प्री-ओपनमध्ये खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी जुळल्या आणि 612 ला भाव निघाला. 600 वर 12 रुपये, म्हणजे दोन टक्के. तुमचे 200 शेअर गुणिले 612 केले की 1,22,400 होतात. गुरुवारी रात्री तुमच्याकडे 1,20,000 होते. अ‍ॅप मात्र अजून 100 च शेअर मोजतंय, त्यामुळे त्याला 61,200 दिसतात, आणि तुमची खरेदी 64,000 ची असल्यामुळे तो 2,800 तोटा दाखवतो.

असं फक्त छोट्या कंपन्यांत होतं असं नाही. रिलायन्सने 1:1 बोनस दिला तेव्हा 28 ऑक्टोबर 2024 च्या सकाळी तिचा भाव 2,650 च्या घरातून थेट 1,330 च्या घरात दिसला होता. त्या दिवशी सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात सकाळपासून फोन थांबले नाहीत, आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न तुमचाच होता.

बोनसचं प्रमाण मात्र नीट वाचायचं. पहिला आकडा नव्या शेअरांचा, दुसरा तुमच्याकडच्या जुन्या शेअरांचा. 1:2 म्हणजे दोनामागे एक. तिथे दोनाचे तीन होतात, म्हणून 1,200 चा भाव निम्मा न होता 800 होईल. 2:1 म्हणजे एकामागे दोन, तिथे 1,200 चे 400. अर्धा शेअर आला, समजा 35 शेअरांवर 1:2 बोनस, तर 17 शेअर मिळतात आणि उरलेल्या अर्ध्याचे पैसे बँकेत येतात.

आता कंपनी हे शेअर आणते कुठून? दरवर्षीच्या नफ्यातला जो भाग कंपनीने वाटला नाही तो राखीव निधीत साठत जातो. बोनस देताना त्यातली रक्कम भांडवलाच्या खात्यात वळवतात. समजा कंपनीचे एक कोटी शेअर आहेत, दर्शनी किंमत, म्हणजे कंपनीच्या कागदावर ठरलेली शेअरची मूळ किंमत, 10 रुपये, म्हणून भांडवल 10 कोटी, आणि राखीव निधी 150 कोटी. 1:1 बोनसनंतर भांडवल 20 कोटी, राखीव निधी 140 कोटी. बेरीज आधी 160, नंतरही 160. कंपनीतून एक रुपया बाहेर गेला नाही, तुमच्याकडे एक रुपया आला नाही. त्यामुळे ‘बोनस म्हणजे फुकट शेअर’ हे मी कधी म्हणत नाही. एक फायदा खरा आहे : भाव खाली आल्यामुळे लहान गुंतवणूकदाराला घेणं सोपं जातं आणि उलाढाल वाढते. शिवाय राखीव निधी पुरेसा असल्याशिवाय बोनस देता येत नाही, त्यामुळे कंपनीची तब्येत बरी असल्याची ती एक खूण असते. खूणच, हमी नाही.

मग तुमचे 100 नवे शेअर आहेत कुठे? इथे रेकॉर्ड डेट समजून घ्या. ज्या दिवशी कंपनी आपल्या शेअरधारकांची यादी पक्की करते तो हा दिवस. आपल्याकडे जानेवारी 2023 पासून सगळे व्यवहार टी+1 ने पुरे होतात, म्हणजे आज घेतलेला शेअर उद्या डीमॅटमध्ये येतो. तुमची रेकॉर्ड डेट शुक्रवार होती. गुरुवारी घेणाऱ्याचे शेअर शुक्रवारी जमा झाले, त्याचं नाव यादीत आलं, त्याला बोनस मिळणार. शुक्रवारी घेणाऱ्याचे सोमवारी जमा होतील, त्याला नाही. पण तो 612 लाच घेतोय, त्यामुळे त्याचंही नुकसान नाही. बोनसशिवाय व्यवहार सुरू होण्याच्या या दिवसाला एक्स-डेट म्हणतात, आणि टी+1 मुळे हल्ली ती बहुधा रेकॉर्ड डेटच्याच दिवशी पडते.

पूर्वी बोनस शेअर हातात यायला बरेच दिवस लागायचे. सेबीच्या नियमाने, 1 ऑक्टोबर 2024 पासून जाहीर झालेल्या बोनससाठी रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी नवे शेअर विकता आले पाहिजेत. तुमची रेकॉर्ड डेट शुक्रवारी, मध्ये सुटी नसेल तर सोमवारी वाटप आणि मंगळवारी विक्रीला मोकळे. तेव्हा मंगळवारी अ‍ॅपचा आकडा आपोआप जागेवर येईल. तोवर हिशेबाने 200 आहेत म्हणून 200 विकायला जाऊ नका. जे शेअर अजून डीमॅटमध्ये नाहीत ते विकले गेले आणि देता आले नाहीत तर एक्स्चेंज ते लिलावात विकत घेऊन समोरच्याला देतं आणि त्याचा भुर्दंड तुमच्या खात्यावर पडतो.

आणखी एक जागा आजच तपासा. तुम्ही कधी ‘भाव 1,050 खाली गेला तर विका’ अशी जीटीटी किंवा स्टॉपलॉस ऑर्डर लावून ठेवली आहे का? बोनसच्या दिवशी बहुतेक ब्रोकर अशा जुन्या ऑर्डरी रद्द करतात, पण सगळेच करतील हे धरून चालू नका. ती जिवंत राहिली तर 612 चा भाव पाहून तिला वाटणार शेअर कोसळला, आणि ती विकून मोकळी होईल.

आता सर्किट. एखाद्या शेअरचा भाव एका दिवसात किती वर आणि किती खाली जाऊ शकतो याची एक्स्चेंजने घातलेली हद्द म्हणजे सर्किट लिमिट. ती 2, 5, 10 किंवा 20 टक्के असते. वरच्या हद्दीला अप्पर सर्किट, खालच्या हद्दीला लोअर सर्किट. ही टक्केवारी आधारभूत भावावर मोजतात. शुक्रवारी तुमचा आधारभूत भाव 600 होता, म्हणून त्या दिवसाची हद्द 480 ते 720 होती. 612 अगदी मधोमध. 1,200 वरून 600 हा बाजारातला प्रवास नव्हताच, तो उघडण्याआधीचा हिशेब होता, म्हणून सर्किटचा त्याच्याशी संबंध येत नाही. अ‍ॅपमध्ये शेअरच्या माहितीत अप्पर आणि लोअर सर्किटचे आकडे लिहिलेले असतात, तिथे 720 आणि 480 दिसले की समजायचं, एक्स्चेंजने बोनस धरून घेतला.

खरं लोअर सर्किट कसं दिसतं ते एकदा पाहून ठेवा, म्हणजे पुन्हा गोंधळ होणार नाही. भावाच्या खाली मार्केट डेप्थचा तक्ता असतो, डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. तुमच्या शेअरच्या दोन्ही बाजूंना आकडे होते. लोअर सर्किट लागलेल्या शेअरची डावी बाजू कोरी असते. घेणारा शून्य, आणि उजवीकडे एकाच भावाला लाखो शेअर विकायला रांगेत. बाजार चालू असतो, पण तुमचा शेअर विकला जात नाही. एकाच भावात ज्याची ऑर्डर आधी आली त्याची आधी, त्यामुळे साडेदहाला जागा झालेल्या माणसाचा नंबर लागतच नाही. 5 टक्के हद्दीचा 100 रुपयांचा शेअर पहिल्या दिवशी 95 ला अडकतो. दुसऱ्या दिवशीची हद्द 95 वर मोजतात, म्हणून 90.25. चार दिवसांत साडेएक्याऐंशीच्या आसपास, आणि चारही दिवस तुम्ही नुसते पाहत बसलेले. सर्किट हे नुकसान थांबवतं असा समज आहे, तो चूक. ते लोकांना विचाराला वेळ देतं, बाहेर पडायची वाट देत नाही.

ज्या शेअरांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार चालतात त्यांना अशी कायमची हद्द नसते. तिथे 10 टक्क्यांपासून सुरू होणारा पट्टा असतो आणि भाव तिथे टेकून राहिला तर एक्स्चेंज तो थोडा थोडा सरकवतं. आणि अख्ख्या बाजाराचं सर्किट वेगळंच. निफ्टी किंवा सेन्सेक्स 10, 15 वा 20 टक्के हलला तर देशभरचे व्यवहार थांबतात. 23 मार्च 2020 ला, कोरोनाच्या सुरुवातीला, बाजार 10 टक्के पडला आणि 45 मिनिटं बंद ठेवला होता. 18 मे 2009 ला उलटं झालं : लोकसभेच्या निकालानंतर बाजार इतका उसळला की अप्पर सर्किट लागून त्या दिवसाचं कामच आटोपलं.

मुलाच्या ‘बुल मार्केट’बद्दल थोडक्यात सांगतो. इतवारीच्या धान्य व्यापाऱ्याला विचाराल तर तो तेजी-मंदी म्हणेल, तेच हे. भाव वाढणार असं मानून घेणारा तो बुल, म्हणजे तेजीवाला. पडणार असं मानून विकणारा तो बेअर, मंदीवाला. बाजार महिनोन्‌महिने चढता राहिला की बुल मार्केट. तळापासून 20 टक्के वर आला की तसं म्हणायची पद्धत आहे, पण सेबीने किंवा एक्स्चेंजने अशी काही व्याख्या केलेली नाही. तेव्हा ‘बुल मार्केट आहे’ हे सगळ्या बाजाराबद्दलचं एक मत झालं, तुमच्या कंपनीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. मुलगा ‘काही करू नका’ म्हणतो ते बरोबर आहे, पण कारण दुसरं आहे, त्याकडे शेवटी येतो.

फक्त एक सावधगिरी. तेजीत व्हॉट्सअ‍ॅपवर अशा छोट्या कंपन्यांची नावं फिरतात ज्यांना रोज अप्पर सर्किट लागतं. रोज 5 टक्के म्हटलं की साधारण तीन आठवड्यांत पैसे दुप्पट, आणि त्यात ‘बोनस येणार’ अशी पुडी सोडून दिलेली असते. अशा शेअरची डेप्थ पाहा. उजवी बाजू कोरी, म्हणजे विकणारा कोणी नाही. ज्या दिवशी तुम्हाला सहज मिळायला लागतो, त्या दिवशी वर नेणारे उतरू लागलेले असू शकतात. उद्यापासून डावी बाजू कोरी.

डिव्हिडंड, म्हणजे लाभांश. तुमच्या सगळ्या प्रश्नांत इथेच खरे पैसे कंपनीच्या खात्यातून निघून तुमच्या खात्यात येतात. पण 600 रुपये नाही हो. लाभांशाचे टक्के बाजारभावावर नाही, दर्शनी किमतीवर असतात. दर्शनी किंमत 10 रुपये असेल तर 50 टक्के म्हणजे शेअरमागे 5 रुपये. 1,200 च्या भावावर हा परतावा अर्धा टक्कासुद्धा नाही. पेपरात ‘500 टक्के लाभांश’ असा मथळा दिसला की आधी दर्शनी किंमत शोधायची. ती एक रुपया असेल तर हातात पाचच रुपये येतात.

हे 5 रुपये तुम्हाला 100 शेअरांवर मिळणार की 200 वर, ते लाभांशाच्या रेकॉर्ड डेटवर ठरतं. बोनसच्या आधीची किंवा त्याच दिवशीची तारीख असेल तर 100 वर, म्हणजे 500 रुपये. तुमचे बोनस शेअर जमा झाल्यानंतरची असेल तर कंपनी लाभांश कोणत्या शेअरांवर देणार हे तिच्या सूचनेत स्पष्ट लिहिते. ही सूचना एक्स्चेंजच्या वेबसाइटवर कंपनीच्या नावाखाली कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्समध्ये सापडेल. आणि बोनसच्या दिवशी करतं तसा लाभांशाच्या दिवशी एक्स्चेंज आधारभूत भाव कमी करत नाही. भाव पाच रुपयांनी खाली उघडला तर ती घट त्या दिवसाच्या लाल आकड्यात दिसते, पण 600 च्या भावात पाच रुपये कोणाच्या डोळ्यात येणार?

लाभांश ट्रेडिंग खात्यात शोधू नका, तो डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात येतो. निवृत्त मंडळींचं इथेच अडतं : नोकरीतलं पगाराचं खातं डीमॅटला जोडलेलं असतं आणि ते निवृत्तीनंतर बंद केलेलं असतं. पैसे परत जातात, कोणाला पत्ता लागत नाही. सात वर्षं कोणी मागितला नाही तर तो लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातो, आणि सलग सात वर्षं घेतलाच नाही तर शेअरही त्याच्या मागोमाग जातात. परत मिळतात, पण अर्ज-कागदपत्रांची मोठी पायपीट करून. म्हणून तुमच्या डीमॅटमध्ये कोणती बँक लिहिली आहे ते याच आठवड्यात बघा. एका कंपनीकडून वर्षाला 10 हजारांपेक्षा जास्त लाभांश आला तर 10 टक्के टीडीएस कापतात. तुमचा कापला जाणार नाही, पण ती रक्कम उत्पन्नात दाखवावी लागते.

आता मुलाचं ‘काही करू नका’. बोनस शेअरची खरेदी किंमत आयकर खातं शून्य धरतं, आणि त्यांचं वय वाटपाच्या दिवसापासून मोजतं. मंगळवारनंतर तुमचं अ‍ॅप सरासरी खरेदी 320 दाखवू लागेल. दिसायला ते ठीक आहे, कराला ते चालत नाही. करासाठी तुमचे जुने 100 शेअर 640 चे आणि नवे 100 शून्याचे.

समजा तुम्ही घाबरून पुढच्याच आठवड्यात सगळे 200 शेअर 612 ला विकले. खरा नफा 58,400. बोनस झालाच नसता आणि तुम्ही 100 शेअर 1,224 ला विकले असते तर हाच नफा दीर्घ मुदतीचा झाला असता. सूचीबद्ध शेअरचा असा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, म्हणजे कर शून्य. पण आता हिशेब दोन तुकड्यांत होईल. जुन्या शेअरांवर 2,800 रुपये दीर्घ मुदतीचा तोटा, आणि नव्यांवर 61,200 रुपये अल्प मुदतीचा नफा. अल्प मुदतीच्या नफ्यावर 20 टक्के कर. दीर्घ मुदतीचा तोटा अल्प मुदतीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तुमची पेन्शन करपात्र मर्यादेच्या वर आहे असं धरलं तर 12,240 रुपये कर, सेस वेगळा.

तेच नवे शेअर वाटपाला बारा महिने उलटून गेल्यावर त्याच भावाला विकले तर तो नफा दीर्घ मुदतीचा होतो, आणि त्या वर्षी दुसरा मोठा नफा नसेल तर सव्वा लाखाच्या आत बसतो. मध्ये पैशांची गरज पडलीच तर 100 पर्यंतच विका. डीमॅटमध्ये आधी आलेले शेअर आधी विकले गेले असं धरतात, त्यामुळे 640 चे जुने जातील आणि शून्य किमतीचे नवे मागे राहतील.